चवदार तळ्याचा खटला आणि कोर्टाने न सोडवलेला प्रश्न

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन-चार ओळींत उरकलेला असतो. साल, ठिकाण, नेत्याचं नाव, पुढचा धडा. या सत्याग्रहानंतर एक खटला उभा राहिला आणि तो जवळजवळ दहा वर्षं चालला, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळं सर्वांना खुलं राहिलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी खटला जिंकले.

पण निकालपत्र वाचलं की थोडं चमकायला होतं. ‘माणसाला माणूस म्हणून पाणी नाकारणं चूक आहे’ असं त्यात कोर्टाने कुठेही ठरवलेलं नाही. कोर्टाने एवढंच म्हटलं, की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अतिप्राचीन आहे, हे फिर्यादी सवर्णांना सिद्ध करता आलं नाही.

मग समजा, ते सिद्ध झालं असतं तर? हजार वर्षांचे कागद कुणी आणून टेबलावर ठेवले असते, तर पाणी नाकारणं बरोबर ठरलं असतं का? तुमच्या मनात लगेच ‘नाही’ आलं असेल. ते ‘नाही’ कशाच्या आधारावर आलं, हे या लेखात नीट उलगडून पाहू.

त्यासाठी आधी तळ्याकडे जाऊ. महाड हे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातलं गाव. चवदार तळं हे गावातलं मोठं पाणवठ्याचं ठिकाण, साधारण चार-पाच एकरांचं. बरंचसं पाणी पावसाचं, थोडं झऱ्यांचं. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरं, काही मुसलमानांची. पाण्यावर या सगळ्यांचा वावर असे. अस्पृश्य मानलेल्या जातींना मात्र तिथे पाय ठेवायची सोय नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा सांभाळल्या जाणाऱ्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा जागा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. पुढच्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला होता.

तरी पुढची तीन वर्षं तळ्यावर कुणी गेलं नाही. का गेलं नाही, हे समजायला गावगाडा समजायला हवा. ज्यांच्या शेतावर मजुरीला जायचं, ज्यांच्या दुकानातून मीठ-मिरची उधार आणायची, त्यांच्याच डोळ्यांदेखत त्यांच्या पाण्यात ओंजळ बुडवायची. ठराव करणारे सभागृहात बसले होते, मार खायची आणि काम जायची वेळ आली तर ती गावातल्या माणसावर येणार होती. हक्क दिला आहे असं लिहिणं सोपं असतं, तो वापरून बघण्याची किंमत वेगळीच माणसं मोजतात.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनी तिच्यासाठी खूप खटपट केली होती. अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण कार्यकर्तेही त्यात होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गावोगावहून काही हजार माणसं आली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं, आणि गावच्या पाणवठ्यावर त्यांना जाता येत नव्हतं. म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. त्या काळी चाळीस रुपये म्हणजे मजुरासाठी मोठी रक्कम.

२० तारखेला सगळे रांगेने, शांतपणे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, मग इतरांनी. कुणाचं काही फोडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. सगळे मंडपाकडे परतले.

थोड्या वेळाने गावात अफवा उठली, की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव काठ्या घेऊन निघाला. मंडपात बरीच माणसं जेवत होती. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळलं. परतीच्या वाटेवर असलेल्यांनाही मार बसला. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात आसरा दिला. आपल्या माणसांनी उलट हात उचलायचा नाही, हे बाबासाहेबांनी बजावलं आणि त्यांनी ते पाळलं.

पुढे तळ्याचं शुद्धीकरण झालं. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, एकशे आठ घागरी पाण्याचा विधी करून तळं पुन्हा ‘पवित्र’ करण्यात आलं. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी शेणाने शुद्ध होतं, या हिशोबावर मी काही टिप्पणी करत नाही, तुम्हीच करा. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा आपला ठरावही मागे घेतला.

मग डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. मंडपासाठी जागा द्यायला कुणी हिंदू पुढे येईना, शेवटी एका मुसलमान गृहस्थांनी जागा दिली. परिषदेच्या तोंडावर काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, आणि निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये असा मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसं जमली होती आणि पाण्यात उतरायला तयार होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून तळ्यात उतरण्याचा बेत थांबवला. गावातून मिरवणूक निघाली, पाण्याला हात लागला नाही.

या परिषदेतल्या भाषणात त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आणि आजवर ते प्यायलो नाही म्हणून मेलोही नाही. तळ्यावर जायचं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे दाखवण्यासाठी. म्हणजे तहान हा मुद्दाच नव्हता. उद्या कुणी म्हटलं असतं, ‘तुम्हाला पलीकडे वेगळी, मोठी, अगदी दगडी बांधकामाची विहीर बांधून देतो,’ तर पाण्याची अडचण सुटली असती, अपमान तसाच राहिला असता. उलट वेगळ्या विहिरीने तो दगडात कोरून ठेवला असता.

आता कोर्टात जाऊ. फिर्यादी सवर्ण होते आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: या तळ्यावर आमचा हक्क आहे, अस्पृश्यांना इथे न येऊ देण्याची प्रथा पूर्वापार आहे, आणि पूर्वापार प्रथेला कायद्याने मान द्यायला हवा. हे शेवटचं वाक्य हवेतलं नव्हतं. त्या काळच्या कायद्यात प्रथेला खरोखर मोठं वजन होतं. एखादी प्रथा फार जुनी, अखंड आणि निश्चित आहे असं दाखवता आलं, तर ती कायद्यासारखी चालू शकत असे.

१९३१ मध्ये खालच्या कोर्टाचा निकाल फिर्यादींच्या विरुद्ध गेला. १९३३ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयात आलं ते न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश.

कोर्टाने काय पाहिलं? १९२७ पूर्वी अस्पृश्य या तळ्यावर पाणी भरत होते असा पुरावा नव्हता, हे खरं. पण कुणी एखादी जागा वापरत नव्हतं, एवढ्यावरून त्याला तिथून हाकलण्याचा तुमचा जुना हक्क होता हे सिद्ध होत नाही. तळ्याच्या आसपास अस्पृश्यांची वस्तीच नव्हती. आणि तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्यापूर्वी एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावरून कुणाला अडवायचा प्रयत्न झाला असेल, हेही संशयास्पद होतं. त्यामुळे ‘अनादि काळापासूनची प्रथा’ उभी राहू शकली नाही. तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं, म्हणजे सार्वजनिक. दावा फेटाळला.

पुढे न्यायमूर्तींनी अशा अर्थाचं म्हटलं, की प्रथा सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. सिद्ध झाली नाही, म्हणून त्या प्रश्नात शिरायची गरज नाही.

न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही. कोर्ट समोर आलेल्या मुद्द्यापुरतंच बोलतं आणि बहुतेक वेळा तेच योग्य असतं. पण आपल्यासाठी तो न उघडलेला दरवाजा महत्त्वाचा आहे. प्रथा किती जुनी आहे, हा प्रश्न विचारत राहिलो तर उत्तर नेहमी जुन्या कागदांवर अवलंबून राहतं. आज कागद नाहीत म्हणून जिंकलो, शेजारच्या गावात कागद सापडले तर हरू. असा हक्क कच्चा असतो. पक्का हक्क हवा असेल तर प्रश्नच बदलावा लागतो: ही प्रथा माणसाला माणूस म्हणून कमी लेखते का? लेखत असेल, तर ती काल सुरू झालेली असो की दोन हजार वर्षांपूर्वी, तिच्या वयाने काही फरक पडत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जी कल्पना आहे तिला मानवी प्रतिष्ठा म्हणतात. कल्पना अशी, की प्रत्येक माणसाला केवळ माणूस असल्यामुळे एक मोल आहे. ते कमवावं लागत नाही, म्हणून ते गमावताही येत नाही. ते कुणाचं जास्त, कुणाचं कमी असं नसतं. आणि ते कुणी बहाल केलेलं नसतं, त्यामुळे कुणाला काढून घेण्याचा अधिकारही नसतो.

वर्गात हे सांगितलं की एक हात वर येतोच. ‘पण सगळे सारखे कुठे असतात? कुणी गणितात हुशार, कुणी नाही. कुणी चांगलं वागतो, कुणी चोरी करतो. मग सगळ्यांचं मोल सारखं कसं?’

शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर ‘सगळे सारखेच हुशार असतात’ हे नाही, कारण ते खरं नाही. उत्तर असं, की मान दोन प्रकारचा असतो. एक मान आपण कर्तृत्वाला देतो. कबड्डीत चांगल्या पकडी करणाऱ्या मुलीला टाळ्या मिळतात, मला मिळत नाहीत, आणि यात माझ्यावर अन्याय नाही. हा मान कमी-जास्त होतो, व्हायलाच हवा. दुसरा मान माणूस असण्याचा. त्यात चढउतार नसतो. गणितात नापास झालेल्या मुलाला नळावर पाणी प्यायला कुणी अडवत नाही, त्याच्या ताटाला हात लावला म्हणून कुणी हात धुत नाही. चोरी करणाऱ्यालाही शिक्षा होते ती त्याने केलेल्या कृत्याची, आणि तरीही त्याला वकील मिळतो, तुरुंगात जेवण मिळतं, कायद्याने त्याला मारहाण करता येत नाही. त्याचा पहिला मान गेला, दुसरा शाबूत आहे.

जातिभेद या दुसऱ्या मानावर घाला घालतो, आणि तोही माणसाने काहीही केलेलं नसताना. जन्माला येण्यापलीकडे चवदार तळ्यावरच्या माणसांचा गुन्हा काय होता?

इथे एक बारीकशी चूक आपण सगळेच करतो, ती सांगायला हवी. आपण म्हणतो, ‘बघा, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टर, कायदेमंडळाचे सदस्य, आणि अशा माणसालासुद्धा पाणी नाकारलं!’ संताप खरा आहे, पण त्या ‘सुद्धा’मध्ये एक धोका दडलेला आहे. पदवी नसलेल्या, सही न येणाऱ्या माणसाला नाकारलं असतं तर ते जरा कमी वाईट होतं का? बाबासाहेबांच्या मागून जी हजारो माणसं पाण्यात उतरली, त्यातल्या बहुतेकांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांचा त्या पाण्यावरचा हक्क बॅरिस्टरांच्या हक्काएवढाच होता, एक थेंबही कमी नाही. विद्वत्तेमुळे हक्क मिळतो असं मानलं, की आपण पुन्हा पहिल्या मानाच्या हिशोबात घसरतो, आणि मग उरलेल्यांना सांगितलं जातं, ‘आधी शिका, स्वच्छ राहा, सुधारा, मग पाहू.’

सुधारण्याची संधी तरी मिळत होती का, तेही पाहा. साताऱ्याला लहानपणी शाळेत शिकताना बाबासाहेबांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. गुरुजींनी परवानगी दिली तरी भागत नसे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं. पुढे ते कितीही शिकले तरी त्यांची विद्वत्ता जातीच्या नजरेला दिसणार नव्हती, कारण ती नजर माणसाकडे पाहतच नाही, फक्त त्याच्या जन्माकडे पाहते.

जात नुसते दोन गट करत नाही, हेही समजून घ्यायला हवं. ती जिना बांधते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वर कुणीतरी असतो आणि खालीही कुणीतरी असतो. वरच्याने केलेला अपमान झोंबतो, पण खालच्यावर मोठेपणा गाजवायची सोय त्याला त्याच जिन्यावर धरून ठेवते. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. महाडमध्ये जमलेल्या माणसांनाही त्यांनी सांगितलं, की आपल्या आपल्यातला उच्चनीच भावही टाकून द्या. हे सोपं नव्हतं, कारण अस्पृश्य मानलेल्या जातींमध्येही एकमेकांचं जेवत नव्हते, एकमेकांत सोयरीक होत नव्हती. ‘मला वर घ्या’ ही मागणी आणि ‘वर-खाली असूच नये’ ही मागणी एक नव्हे. समान प्रतिष्ठा मानायची तर दुसरीच करावी लागते, आणि तिच्यात आपल्याही हातून काहीतरी सुटतं.

हा विचार एकदा नीट हाती आला, की जातीपलीकडेही तो चालतो. आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. कामवाल्या मावशींसाठी अनेक घरांत वेगळा कप असतो. ओट्याच्या कोपऱ्यात किंवा खिडकीत ठेवलेला, कधी दांडी तुटलेला. विचारलं तर घरचे म्हणतात, ‘अगं, तसं काही नाही गं. स्वच्छतेसाठी.’

हे कारण खरं आहे का, ते तपासता येतं. स्वच्छतेचाच प्रश्न असेल तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. गावाहून एसटीने घामाघूम होऊन आलेले काका, सर्दीने नाक पुसत बसलेला मित्र, दारावर आलेले गॅसवाले दादा, यांच्यासाठीही वेगळे कप आहेत का? काका आणि मित्राचे कप साबणाने धुऊन परत फडताळात जात असतील, तर मावशींचा का जात नाही? शिवाय त्याच मावशी घरातली सगळी भांडी घासतात, पोळ्याही लाटतात. त्यांच्या हातचं चालतं, त्यांच्या ओठांना लागलेलं चालत नाही. एवढं तपासलं की स्वच्छतेचं कारण गळून पडतं आणि खाली जे उरतं ते चवदार तळ्याच्या काठावर होतं तेच. तिथेही पाण्यावर इतर धर्माची माणसं चालत होती, म्हणजे प्रश्न पाणी घाण होण्याचा नव्हताच.

घरच्यांना वाईट माणसं ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यातले बरेचजण मावशींना अडीअडचणीला पैसे देतात, दिवाळीला साडी देतात, मनापासून देतात. पण दया आणि समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दया वरून खाली येते. साडी देणाऱ्या हातालाही आपला कप समोर करणं जड जाऊ शकतं, हे जातीच्या सवयीचं खरं बळ आहे.

पाळीच्या दिवसांत ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवतात, तिथेही हीच तपासणी करा. पोट दुखतंय म्हणून तिला आराम हवा असेल आणि ती तसं म्हणत असेल, तर तिला कामातून सुट्टी देणं ही काळजी झाली. पण तिने लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, देवघराकडे जायचं नाही, तिच्या स्पर्शाने काहीतरी बिघडतं, असं म्हटलं की शरीराच्या नैसर्गिक क्रियेवरून तिला कमी लेखलं गेलं. ज्या गोष्टीने मन दुखतं ती ‘तुझ्या स्पर्शाने बाटतं’ ही कल्पना. महाडला जमलेल्या बायकांनीही हा धागा ओळखला असावा. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले. जात ओळखू येईल अशा रीतीने लुगडं नेसू नका, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं, आणि अनेक बायकांनी नेसण्याची पद्धत तिथेच बदलली. त्या काळी लुगडं गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, यावरूनही माणसाची पायरी ठरत असे.

आता दुसऱ्या बाजूचा प्रश्न. वेगळी वागणूक म्हणजे नेहमी भेदभाव का? नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलासाठी शाळेत उतार बांधला, तर त्याला वेगळी सोय मिळाली, पण त्यामुळे तो बाकीच्यांबरोबर वर्गात पोचला. ‘तू घरीच बस, तुला झेपणार नाही’ हेही वेगळं वागवणंच, पण त्याने तो वर्गाबाहेर राहिला. वेगळेपणा माणसाला सगळ्यांमध्ये आणतो की सगळ्यांतून बाहेर काढतो, हे पाहायचं.

आरक्षणाबद्दलचा तुमचा प्रश्नही इथेच येतो, तो टाळण्यात अर्थ नाही. ‘जात पाहू नका म्हणता आणि प्रवेशाच्या अर्जावर जात विचारता, हे कसं?’ जात विचारली म्हणून अपमान होतोच असं नाही, ती कशासाठी विचारली यावर ते ठरतं. तळ्यावर जात विचारली जायची ती बाहेर काढण्यासाठी. अर्जावर विचारली जाते ती पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलेल्यांना आत जागा मिळावी म्हणून. कुणाला किती, किती काळ, कोणत्या निकषावर, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि कोर्टात आणि संसदेत त्यावर सतत वाद झाले आहेत. पण दोन्हींना एकाच मापाने मोजणं म्हणजे उतार आणि बंद दरवाजा एकच म्हणण्यासारखं आहे. आणि आरक्षणातून आलेल्या वर्गमित्राला त्यावरून टोमणे मारणं हा धोरणावरचा मतभेद नसतो, तो सरळ त्या मुलाचा अपमान असतो.

उच्च न्यायालयाने जो दरवाजा उघडला नव्हता, तो तेरा वर्षांनी उघडला. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचं संविधान लागू झालं, आणि त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते महाडच्या खटल्यातले एक प्रतिवादी. अनुच्छेद १७ म्हणतो, की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि कोणत्याही स्वरूपात ती पाळायला मनाई आहे. यात प्रथा किती जुनी याचा उल्लेखच नाही. हा अनुच्छेद नुसता सरकारला बांधत नाही. दुकानदार, शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना बांधतो.

अनुच्छेद १५ वाचताना तर महाड डोळ्यांपुढे उभं राहतं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा इथे जायला अडवता येणार नाही. त्याच्या पुढच्याच भागात, सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात तलाव आणि विहिरी कशाला, असं परदेशी वाचकाला वाटेल. आपल्याला वाटण्याचं कारण नाही.

जगातही त्याच सुमारास असंच काही लिहिलं जात होतं. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा पहिलाच अनुच्छेद सांगतो, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत. मसुद्यात आधी ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. ते बदलून ‘सर्व मानव’ असा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मुंबईच्या विधान परिषदेत आणि आपल्या संविधान सभेतही त्या सदस्य होत्या.

संविधान झालं, तरी १९२४ च्या ठरावाचं जे झालं ते संविधानाचं होऊ नये म्हणून शिक्षेची तरतूद लागत होती. १९५५ साली त्यासाठी कायदा आला. पुढे त्यात सुधारणा होऊन त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. नदी, ओढा, विहीर, तलाव, टाकी, नळ वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला अडवणं हा त्यात गुन्हा आहे. १९८९ साली अनुसूचित जाती आणि जमातींवरच्या अत्याचारांसाठी आणखी कडक कायदा झाला. ओट्याच्या कोपऱ्यातल्या कपापर्यंत यातला कुठलाच कायदा सहजी पोचत नाही. ते काम घरातल्यांनाच करावं लागतं, आणि बहुतेक घरांत तो प्रश्न पहिल्यांदा विचारणारं माणूस शाळेत जाणारं असतं.

या १९५५ च्या कायद्याचं बारावं कलम फारसं कुणाला माहीत नसतं. अडवणारा माणूस कोर्टात नेहमी काहीतरी वेगळं कारण सांगतो: रांग होती, भांडण झालं होतं, टाकी दुरुस्तीला होती. त्याच्या मनात जात होती हे पीडिताने कसं सिद्ध करायचं? म्हणून कलम असं सांगतं, की या कायद्यातला गुन्हा ठरणारं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं कोर्ट धरून चालेल. तसं नव्हतं, हे ज्याने अडवलं त्याने सिद्ध करायचं.